एक मग महाग, पन्नास मग स्वस्त: नाव छापण्याचा दर कसा काढायचा

प्रश्न: मी घरून नाव छापलेल्या मगांच्या ऑर्डरी घेते. एकच मग हवा असेल तर 250 रुपये आणि 50 नग असतील तर 150 रुपयांनी देते. प्रत्येक मगावर नाव वेगळं असतं. कामाचा ढीग असतो, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. वर एक मग मागणारे "एवढा महाग का?" म्हणतात आणि 50 वाले "अजून कमी करा" म्हणतात. दर नेमका कसा ठरवायचा?

उत्तर:

तुमच्या दोन्ही दरांत गडबड आहे आणि दोन्हींचं कारण वेगळं आहे. सुट्या मगावर तुम्ही स्वतःच्या मजुरीतून पैसे घालता, आणि 50 च्या ऑर्डरीत नावं वेगळी असल्याचा खर्च धरलाच जात नाही. हे दिसायला एका मिनिटाची किंमत आधी काढावी लागते, कारण या धंद्यात मालापेक्षा वेळच जास्त जातो.

महिन्याचा खर्च मांडा. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. तुमचा मेहनताना 24,000. घरातली खोली वापरता म्हणून भाडं शून्य धरू नका, तिचे 8,000 धरा. वीज 3,000. प्रिंटर, मग प्रेस आणि संगणक मिळून 1,08,000 चे असतील आणि तीन वर्षं चालतील असं धरलं तर घसारा महिना 3,000. फोन, इंटरनेट आणि माल आणायला जाण्या-येण्याचा खर्च 4,000. एकूण 42,000.

यापुढच्या पायरीवर बहुतेकजण चुकतात. महिन्याचे 26 दिवस गुणिले 8 तास म्हणजे 208 तास, आणि 42,000 ला 208 ने भागून तासाला जवळपास 200 रुपये, असा हिशोब करतात. पण 208 तास कोणीच ऑर्डरीवर काम करत नाही. नुसती चौकशी करून जाणाऱ्यांना उत्तरं देणं, माल आणणं, प्रिंटरची नोझल तुंबली की साफ करणं, वीज गेली की थांबणं, यात चाळीसेक टक्के वेळ सहज जातो. ज्याचे पैसे कुणाच्या तरी बिलात लागतात असे तास साधारण 120 निघतात. 42,000 भागिले 120 म्हणजे तासाला 350, मिनिटाला जवळपास 6 रुपये. हा 6 चा आकडा हाताशी ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता वेळ कुठे जातो ते पाहू. "सेटिंगला वेळ लागतो म्हणून छोटी ऑर्डर महाग" हे बरोबर आहे, पण अर्धवट आहे. नाव छापण्याच्या कामात वेळेचे दोन नव्हे, तीन वाटे पडतात: ऑर्डरीमागे एकदाच लागणारा, दर नावामागे लागणारा आणि दर नगामागे लागणारा. कॉलेजचं एकच चिन्ह 50 मगांवर छापताना मधला वाटा नसतोच. नावं वेगळी असली की तो 50 वेळा लागतो आणि ऑर्डर कितीही मोठी झाली तरी कमी होत नाही.

ऑर्डरीमागचा वेळ: गिऱ्हाइकाशी बोलणं आणि काय हवं ते समजून घेणं 8 मिनिटं. डिझाइन मांडून नमुना पाठवणं, एक दुरुस्ती आणि होकार 15 मिनिटं. प्रिंटरची नोझल तपासणं आणि प्रेस तापवणं, त्यात तुमचे स्वतःचे 5 मिनिटं. बिल करून माल हाती देणं 4 मिनिटं. शिवाय पहिल्या मगाला नेहमी जास्त वेळ लागतो, कारण तेव्हा समांतर दुसरं काम चालू नसतं, त्याचे 3. एकूण 35 मिनिटं, म्हणजे 210 रुपये.

नावामागचा वेळ: नाव डिझाइनमध्ये घालणं, अक्षरं जागेत बसवणं (ओवी आणि ज्ञानेश्वरी एकाच आकारात बसत नाहीत), यादीशी ताडून पाहणं आणि शेवटी खोक्यावर नाव लिहून जुळवणं. यादी टाइप केलेली आली तर 2 मिनिटं, म्हणजे 12 रुपये.

नगामागचा वेळ: साध्या 11 औंसच्या मगाला साधारण 20 गुणिले 9 सेंटिमीटरची पट्टी लागते, त्यामुळे ए-फोर कागदावर तीन बसतात. पट्टी कापायची, उष्णतेला टिकणाऱ्या टेपने मगाला घट्ट चिकटवायची, 180 ते 200 अंशांवर अडीच ते साडेतीन मिनिटं दाबायची, काढून कागद सोडवायचा. एक मग प्रेसमध्ये असताना दुसऱ्याला कागद लावला आणि तिसरा खोक्यात भरला, तर एका प्रेसवर तासाला 12 मग होतात. म्हणजे नगाला 5 मिनिटं, 30 रुपये.

माल: कोरा मग 75, खोका 12, कागद, शाई आणि टेप मिळून 6. झाले 93. वीसात एक खराब होतो असं धरून 5 टक्के वाढवले की 98.

सगळं एका ओळीत असं:

```
एकूण खर्च = 210 + (12 × नावं) + (128 × नग)
```

128 म्हणजे नगाची मजुरी 30 आणि माल 98. प्रत्येक मगावर वेगळं नाव असेल तर नावं आणि नग सारखेच, म्हणून नगाला 140 आणि वर एकदाच 210.

आता मग तुम्हाला कितीला पडतो ते बघा. एकच असेल तर 350 ला. तीन असतील तर प्रत्येकी 210, पाच असतील तर 182, दहा असतील तर 161. पंचवीसला 148, पन्नासला 144 आणि शंभरला 142.

हे आकडे दोनदा वाचा, कारण घासाघीस करताना हेच उपयोगी पडतात. एकावरून दहावर गेलात की नगामागे 189 रुपये वाचतात. दहावरून पन्नासवर गेलात की फक्त 17. पन्नासवरून शंभरवर गेलात की 2. म्हणजे सेटिंगमुळे देता येण्यासारखी सूट दहा-पंधरा नगांतच संपते. शंभर मग घेणारा "दुप्पट घेतोय, 15 रुपये कमी करा" म्हणतो तेव्हा सेटिंगच्या खात्यातून त्याला द्यायला दोनच रुपये असतात. पन्नास मगांवर एकच नाव असतं तर नग 132 ला पडला असता, कारण नावाचे 12 रुपये एकदाच लागले असते. तेवढी सवलत वेगळ्या नावांवर देता येत नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हरकत नाही.

आता तुमचे दर या हिशोबात ठेवा. 250 चा सुटा मग 350 ला पडतो, म्हणजे प्रत्येक सुट्या मगामागे 100 रुपये तुमच्या मेहनतान्यातून जातात. पैसे खिशातून गेल्यासारखे दिसत नाहीत, कारण 93 चा माल 250 ला विकला असं वाटतं. 50 मग 150 ने दिले की हाती 7,500 आले आणि खर्च 7,210 झाला. त्या कामाला 385 मिनिटं, म्हणजे जवळपास साडेसहा तास लागतात, आणि नफा 290 रुपये. दोन-तीन नावं चुकून मग पुन्हा करावे लागले की तेही गेले.

दर सांगताना मी टप्प्यांचा तक्ता लावायला सांगणार नाही, दोन भागांत दर लावायला सांगेन. खर्चावर 25 टक्के नफा धरला तर 210 चे 262 होतात, ते 250 करा आणि त्याला सेटिंग आकार म्हणा. 140 चे 175 होतात, तो नगाचा दर. कोटेशनमध्ये एवढंच लिहायचं: "सेटिंग 250 एकदाच, मग प्रत्येकी 175, नावासह." दहा मग घेणाऱ्याला 2,000 लागतात, पन्नासवाल्याला 9,000, म्हणजे नगाला 180. गिऱ्हाईक स्वतः भागाकार करून बघतो आणि जास्त घेतले की स्वस्त का पडतात हे त्याला न सांगता कळतं.

टप्प्यांच्या तक्त्याची अडचण उंबरठ्यावर दिसते. समजा 24 पर्यंत 200 आणि 25 पासून 185 असा तक्ता आहे. 24 मगांचे 4,800 होतात आणि 25 चे 4,625. एक मग जास्त नेऊन गिऱ्हाईक 175 रुपये कमी देतो. 23 आणि 24 च्या ऑर्डरी तुमच्याकडे कधी येतच नाहीत, सगळ्या 25 च्या होतात, आणि त्यातला एक मग तुम्ही फुकट देता. दोन भागांच्या दरात 24 चे 4,450 आणि 25 चे 4,625 होतात, कुठेच उलटं होत नाही. तक्ता लावायचाच असेल तर प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्या सर्वांत लहान संख्येवरून काढा आणि उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंची एकूण रक्कम तपासा.

राहिला सुटा मग. 425 रुपयांना तो बाजारात चालणार नाही हे मान्य. पण यावरचा उपाय नफा सोडणं नव्हे, वेळ कापणं हा आहे. 350 पैकी 210 रुपये नुसत्या सेटिंगचे आहेत, तेव्हा कात्री तिथेच लावायची. सुट्या मगासाठी सहा-आठ तयार डिझाइनं ठेवा: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, बारसं, शिक्षकांसाठी एक, नुसतं नाव असलेलं एक. गिऱ्हाइकाने क्रमांक निवडायचा आणि नाव स्वतः टाइप करून पाठवायचं. ते जसं येईल तसं छापलं जाईल. फोटो, रंगबदल किंवा वेगळा मजकूर हवा असेल तर तो सुटा मग राहत नाही, सेटिंगसह ऑर्डर होते. आणि सुटे मग रोज करायचे नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, समजा मंगळवार आणि शुक्रवार, सगळे एकत्र. तेव्हा प्रेस एकदाच तापते, कागदावर तीन वेगळ्या गिऱ्हाइकांची नावं बसतात, आणि एकाच मगासाठी दोन तृतीयांश कागद कोरा जात नाही.

असं केलं की ऑर्डरीमागचा वेळ 35 वरून 10 मिनिटांवर येतो: निरोप वाचून पैसे आल्याची खात्री करणं 4, डिझाइन उघडणं 2, देणं 4. म्हणजे 60 रुपये. 60 अधिक 140 म्हणजे 200 ला मग पडला, 25 टक्के नफा धरून 250. तुमचा आजचाच दर, पण आता त्यात 50 रुपये खरे उरतात. "आजच हवा" म्हणणाऱ्याला 425 चा दर सांगा. घाईच्या कामात प्रेस पुन्हा त्याच एका मगासाठी तापवावी लागते.

सुट्या मगात दुसऱ्या दुरुस्तीपासून मात्र सावध राहा. नमुना पाठवला, "फॉन्ट जरा वेगळा बघू" असं उत्तर आलं, की सात मिनिटं आणि 42 रुपये गेले. 250 च्या मगात उरणारे 50 जवळपास संपले. पन्नासच्या ऑर्डरीत हीच दुरुस्ती नगाला एक रुपयाही पडत नाही. म्हणून सुट्या मगात नमुना पाठवायचाच नाही, आणि सेटिंग आकारात एक दुरुस्ती धरलेली आहे, पुढच्या प्रत्येकीला 50, हे आधीच लिहून द्यायचं.

नावांची यादी हा भाग बहुतेक सगळे हलक्यात घेतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. नावामागे 2 मिनिटं लागतात ती यादी टाइप करून, एका ओळीत एक नाव अशी आली तरच. बोलून पाठवलेल्या ध्वनिसंदेशातून किंवा वहीच्या पानाच्या फोटोवरून नावं घ्यायची असतील तर वेळ 4 मिनिटांवर जातो. 50 नावांना 100 मिनिटं जादा, म्हणजे 600 रुपये. त्या हिशोबाने "यादी आम्हाला टाइप करावी लागल्यास नावाला 15 रुपये" असा आकार लावा. तो लावला की बहुतेकजण स्वतःच टाइप करून पाठवतात, आणि तेच आपल्याला हवं असतं. पैशांपेक्षा मोठा फायदा असा की श्रुती की श्रुति, सई की साई, तन्वी की तन्वि, याची जबाबदारी लिहिणाऱ्याकडे जाते. इंग्रजी अक्षरांत हवं असेल तर आणखीच, कारण आरोहीच्या सुरुवातीला एक ए की दोन, हे तिच्या घरच्यांनाच माहीत.

देवनागरी नावांत एक तांत्रिक अडचण नेहमी येते. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि छपाईच्या दुकानांतले बरेच देखणे मराठी फॉन्ट जुन्या, युनिकोड नसलेल्या पद्धतीचे असतात. नाव तिथे चिकटवलं की अक्षरांच्या जागी चौकोन किंवा भलतीच चिन्हं येतात आणि पुन्हा टाइप करावं लागतं. त्याहून घातक प्रकार असा की नाव बरोबर दिसतं, पण कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत रफार किंवा पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते: शर्विलचा रफार पुढे सरकतो, मिहिरची वेलांटी मागे राहते. तेव्हा युनिकोडचे तीन-चार चांगले फॉन्ट ठरवून ठेवा, नावं त्यांतच घ्या, आणि तपासताना जोडाक्षर, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी असलेली नावं आधी बघा. 20 पेक्षा जास्त नावं असतील तर एकेक चिकटवू नका. यादी एक्सेलमध्ये ठेवून कोरलड्रॉच्या प्रिंट मर्जने एकदम घाला. त्याची मांडणी करायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, पण टंकलेखनाची चूक उरत नाही आणि नावाला दोनऐवजी सव्वा मिनिट पुरतं. पाच-सहा नावांना हा खटाटोप परवडत नाही.

छापण्याआधी क्रमांक घातलेली यादी आणि मांडलेली नावं एकाच चित्रात पाठवून "1 ते 50 तपासलं, बरोबर" असं लेखी उत्तर घ्या. त्यानंतर चूक निघाली तर ज्याची त्याची जबाबदारी: यादीत चूक असेल तर नव्या मगाचे 175 गिऱ्हाइकाचे, यादीपेक्षा वेगळं छापलं असेल तर तुमचे.

खराबीचे 5 टक्के हा आकडाही स्वतःचा काढा. वेगळ्या नावांत खराब मग जास्त महाग पडतो, कारण एकच डिझाइन असलं की दोन जादा करून ठेवता येतात, पण "अन्वयी"चा मग बिघडला तर तोच पुन्हा करावा लागतो: एक पट्टी छापा, प्रेस तापलेली असेल तर ठीक, नाहीतर तीही तापवा. म्हणून पन्नासमागे तीन कोरे मग जादा ठेवा आणि सगळे मग नीट पाहून झाल्याशिवाय प्रेस बंद करू नका. तपासताना खूण ओळखता आली की तोच दोष पुढच्या मगात येत नाही. सगळं नाव फिकट असेल तर उष्णता किंवा वेळ कमी पडला. सकाळचा पहिला मग बहुधा असाच निघतो, म्हणून आधी एखादा जुना खराब मग दाबून घ्या. फक्त वरची किंवा कानाजवळची कड फिकट असेल तर दाब कमी आहे. काळा रंग तपकिरी झाला आणि अक्षरांच्या कडा पसरल्या तर मग जास्त वेळ राहिला. अक्षरामागे सावली दिसली तर कागद सरकला, टेप सैल होता. आणि नाव उलटं आलं तर छापताना आरसा-प्रतिमेची खूण राहून गेली. ती चूक एका मगाची नसते, पूर्ण कागदाची असते, म्हणून कागद प्रिंटरमधून बाहेर आला की नाव उलटंच दिसतंय ना, हे बघून मगच कात्री लावा.

हीच तीन वाट्यांची पद्धत दुसऱ्या कामांनाही लागू पडते, पण वाट्यांचं वजन बदलतं. कापडी पिशव्यांवरच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक मजकुराला वेगळी फ्रेम बनवावी लागते, म्हणजे नावामागचा वाटा इतका फुगतो की वेगळी नावं त्या पद्धतीने करूच नयेत; सामाईक मजकूर स्क्रीनने छापावा आणि नाव दुसऱ्या पद्धतीने. लेझरने स्टीलच्या बाटलीवर नाव कोरताना नगाचा वेळ कमी असतो, पण बाटली एका जागी बसवून उंची जुळवण्यात सेटिंग जातं, आणि बाटली गिऱ्हाइकाची असेल तर खराबीची किंमत तुमच्या मजुरीच्या कितीतरी पट असते. भांड्यांच्या दुकानात हाताच्या मशीनने नाव घालणारे कित्येकजण अक्षरावर पैसे घेतात तेही याच न्यायाने: तिथे सेटिंग जवळजवळ नाही, वेळ जातो तो अक्षरं कोरण्यात.

मोठ्या ऑर्डरीला खरंच दर उतरवायचा असेल तर दोनच जागा आहेत. एक म्हणजे कोरा मग. हे मग बहुधा 36 च्या खोक्यात येतात. पूर्ण खोका घेतल्यावर नगाला 6 रुपये कमी पडत असतील तर 50 ऐवजी 72 ची ऑर्डर सुचवता येते आणि ते 6 रुपये गिऱ्हाइकाला देता येतात. दुसरी म्हणजे प्रेस. एका प्रेसवर तुम्ही मधेमधे थांबून राहता. दोन प्रेस आलटून पालटून चालवल्या तर नगाची 5 मिनिटं 3 वर येतात आणि 12 रुपये वाचतात. महिन्याला 300 च्या वर मग होत असतील तर दुसऱ्या प्रेसचा विचार करा. त्याखाली ती नुसती पडून राहील.

शेवटी, मोठ्या ऑर्डरीनंतरचं "दोन नावं राहिली, त्याच दराने करून द्या." डिझाइन तयार असतं म्हणून हे सोपं वाटतं. पण फाइल उघडून नाव घेणं 4 मिनिटं, नोझल आणि प्रेस 5, पहिल्या मगाचा जादा वेळ 3, देणं 4. सोळा मिनिटं, 96 रुपये, नफा धरून 120. म्हणून कोटेशनच्या खाली पहिल्याच दिवशी लिहा: "यादी पक्की झाल्यावर वाढलेल्या नावांना पुनःसेटिंग 120 एकदाच, मग प्रत्येकी 175." ऑर्डर देतानाच ही ओळ दिसली की लोक यादी पाठवण्याआधी घरात एकदा विचारून घेतात.